पाचवा आठवडा: खाणीतल्या पुलाने लावलेला निकाल

फोटो पाहून तो कुठला ते ओळखण्याचा माझा सराव चालू आहे. गेल्या खेपेला लिहिलं होतं की पवनचक्कीवरून देश ओळखायला आता जमतंय. या आठवड्यात कळलं की देश बरोबर येऊनही माणूस पाचशे किलोमीटर चुकू शकतो.

फोटोत लांबवर पवनचक्क्या होत्या. डोक्याचा डबा अंड्यासारखा गोल, खांबाच्या बुडाशी गडद हिरव्यापासून फिकट होत जाणारे पट्टे, म्हणजे एनरकॉन. तेवढ्यावर जर्मनी म्हणायचं नाही, कारण ही कंपनी पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत सगळीकडे आहे. पण पात्याच्या टोकाला लाल-पांढरा-लाल अशी रंगवणी होती आणि खांबाच्या मधोमध एक लाल कडं. जर्मनीत उंच पवनचक्क्यांना विमानांसाठी असंच रंगवतात, पात्यावरचा पट्टा प्रत्येकी ६ मीटरचा. मागे वाफ सोडणारे दोन कूलिंग टॉवर होते, पण उंच धुराडं कुठेच नाही. तिकडच्या नव्या लिग्नाइट कोळशाच्या वीजकेंद्रांत गंधक काढलेला धूर कूलिंग टॉवरमधूनच वर सोडतात, त्यामुळे तेही जुळलं.

कोळशाची खाण दिसताच मी डोळे झाकून जर्मनीच्या पश्चिमेकडची गार्ट्सवायलर खाण ठोकली. उत्तर निघालं पूर्वेकडचा लाउसिट्झ प्रदेश.

फोटो पुन्हा मोठा करून पाहिला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. खड्ड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी सांगाडा आडवा पसरला होता. मी त्याला चक्र-एक्सकॅव्हेटर समजलो होतो, पण त्याला चाक कुठे होतं! तो होता एफ६०, म्हणजे माती वाहणारा फिरता पूल, सुमारे ५०० मीटर लांबीचा. एका टोकाला बादल्यांची साखळी माती खरवडते आणि पट्ट्यावरून ती थेट पलीकडे, कोळसा काढून झालेल्या बाजूला टाकते. लाउसिट्झमध्ये कोळशाचा थर बराचसा सपाट आहे, म्हणून हे जमतं. पश्चिमेकडे थर खोल आणि भेगांनी सरकलेले, त्यामुळे तिथे चाकाचे यंत्र आणि खड्ड्याला वळसा घालून जाणारे लांबच लांब पट्टे.

पूल फ्रेमबाहेर असला तरी त्याची खूण राहते. माती पडते तिथे नांगरटीसारखे समांतर उंचवटे उठतात. शिवाय काठावर चीडाची झाडं आणि पांढरट वाळू दिसली तर लाउसिट्झ, बीटाची काळसर शेतं दिसली तर पश्चिम.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. लाउसिट्झमधल्या लिश्टरफेल्डला यातलाच एक निवृत्त पूल पर्यटकांसाठी उभा आहे. तिथे खाणीच्या जागी आता तळं आहे.

या आठवड्याचा हिशोब: वीस फोटो, देश सतरा बरोबर, प्रदेश नऊ. पुढच्या वेळी पोलंडचं बेल्खातूव वीजकेंद्र घेतोय, तिथे धुराडी आहेत.