आमची वाटचाल: पॅकेजचे भाव आम्ही कसे ठरवले

सिंहगड रोडवरच्या दोन खोल्यांत आमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा एकच भाव होता, वर्षाला ६,००० रुपये, आणि त्यात सगळं मिळायचं. गिऱ्हाईक वाढले तसं मार्केट यार्डातल्या छोट्या गाळेवाल्याला ते महाग वाटायला लागलं आणि भोसरीच्या कारखानदाराला तर इतकं स्वस्त की त्याला शंकाच यायची. दोन पॅकेज करायची हे नक्की झालं, पण कुठलं फीचर वरच्यात टाकायचं आणि किती जास्त घ्यायचे?

लोकांना सरळ विचारून काही हाती लागत नाही, हे फीचर पाहिजे का म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि किती द्याल म्हटलं की सगळे कमी सांगतात. म्हणून आम्ही कॉन्जॉइंट नावाचा सर्व्हे केला. ह्यात माणसाला एका स्क्रीनवर तीन तयार पॅकेज दाखवायची, प्रत्येकात युजर किती, ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल करता येतं की नाही, गोडाऊनवार स्टॉक, फोनवर सपोर्ट आणि भाव, हे सगळं उलटसुलट मिसळलेलं. चौथा पर्याय "यातलं काहीच नको, आत्ताचंच चालू दे" आणि तो ठेवायचाच, कारण दुकानात खरा गिऱ्हाईक उठून जाऊ शकतो. अशा १२ स्क्रीन. माणूस काय सोडून काय घेतो त्यावरून प्रत्येक गोष्टीला त्याच्या मनात किती वजन आहे ते गणिताने काढता येतं.

आमच्या आकड्यांत भाव ३,००० ने वाढला की वजन ०.९ ने उतरत होतं, म्हणजे ०.३ वजन बरोबर १,००० रुपये. ई-इनव्हॉइसचं सरासरी वजन आलं ०.४५, म्हणजे १,५०० रुपये. इथेच थांबलो असतो तर सगळ्यांचा भाव १,५०० ने वाढवून मोकळे झालो असतो, आणि ते चुकीचं झालं असतं, कारण असा १,५०० देणारा माणूस जवळजवळ कुणीच नव्हता. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना बी-टू-बी बिलांवर ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, ते आमच्या सर्व्हेत साधारण चौथा हिस्सा होते आणि त्यांचं वजन १.५, म्हणजे ५,००० रुपये. बाकीच्यांचं जेमतेम ०.१, तीनशे रुपयांच्या आसपास. दोन पॅकेजमधली भिंत कुठे घालायची ते तिथेच कळलं, कारण खालच्या पॅकेजवाल्याला ह्या फीचरची उणीव जाणवणारच नव्हती.

आता वरच्यासाठी ५,००० जास्त घ्यायचे का? नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. ५,००० हा तो आकडा आहे जिथे त्या गटातल्या माणसाला दोन्ही पॅकेज सारखीच वाटतात, म्हणजे १०० तले ५० च वर जातील. फरक ३,५०० ठेवला तर त्याला ०.४५ वजनाचा फायदा उरतो आणि वजनावरून टक्का काढायच्या लॉजिट सूत्राने साधारण ६१ वर जातात. नुसत्या गुणाकारात ५,००० च जास्त पैसे देतात, पण जे वर जात नाहीत ते खाली थांबतील असं हे गणित धरून चालतं, आणि सक्ती असलेला कारखानदार ई-इनव्हॉइस नसलेल्या पॅकेजवर थांबेलच कशाला, तो सरळ दुसऱ्याकडे जातो. हिशोबात दुसऱ्या कंपनीसारखं एक पॅकेज घातल्यावर ३,५०० च पुढे निघाले, म्हणून खालचं ६,०००, वरचं ९,५००.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने तपासावी. काही उत्तरांत फीचरची किंमत पन्नास-साठ हजार निघत होती! बघितलं तर ती उत्तरं मालकाने नाही, त्याच्या अकाउंटंटने भरलेली, त्याच्या खिशातून काही जात नाही म्हणून भावाचं वजन शून्याजवळ, आणि किंमत काढताना भागायचं असतं त्या भावाच्याच वजनाने, मग आकडा फुगणारच. अशांसाठी दोन पॅकेज अगदी सारखी, फक्त एक महाग, अशी एक जादा स्क्रीन आम्ही ठेवली होती, महाग घेणारा किंवा भराभर टिक मारणारा बाजूला काढला. अकाउंटंटची फीचरबद्दलची मतं मात्र वेगळी जपून ठेवली, कारण रोज सॉफ्टवेअर वापरणारा तोच आणि त्याला आवडलं नाही तर मालक रिन्यूअल करत नाही.

प्रत्यक्षात वर जाणारे हिशोबापेक्षा थोडे कमीच निघाले, सर्व्हेत कुणाचे पैसे जात नाहीत त्यामुळे तेवढं धरून चालावं लागतं. पण कुठलं फीचर कुणाला लागतं ह्याचा क्रम बरोबर आला. फोन सपोर्टला दोन्ही गटांत वजन जवळपास सारखं होतं, म्हणून तो दोन्ही पॅकेजमध्ये ठेवलाय आणि तसाच राहील.