ड्रायवॉल पार्टिशनचं सामान मोजताना: स्टड, ट्रॅक आणि बोर्डांचा माझा हिशेब

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये हॉलमधून एक खोली वेगळी काढायची होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांबी 4500 मि.मी., म्हणजे साधारण पावणेपंधरा फूट. फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची 2850. मधे एक दार. ठेकेदार अशा कामाचा दर चौरस फुटावर सांगतो, पण सामान आपणच आणायचं असेल तर चौरस फूट कामाला येत नाही. स्टड, म्हणजे पत्र्याचा उभा खांब, नगावर मिळतो, ट्रॅक, म्हणजे फरशीला आणि स्लॅबला ठोकायची, स्टडची टोकं बसवायची पत्र्याची पन्हळ, लांबीवर आणि जिप्सम बोर्ड अख्खा. त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट वेगळी मोजली.

उंची एकाच जागी मोजून थांबू नये. दोन्ही टोकांना आणि मधे मोजली तर जुन्या इमारतीत दहा-पंधरा मि.मी. फरक सहज निघतो. इथे तिन्ही ठिकाणी 2850 च्या आसपास आलं. या उंचीला मी 48 चा नाही, 70 मि.मी.चा स्टड धरला. अरुंद स्टडचं पार्टिशन उभं राहतं, पण दार आपटलं की थरथरतं. किती उंचीला कोणता स्टड चालतो याचा तक्ता प्रत्येक कंपनी देते, तो बघूनच ठरवावं. 70 च्या स्टडला 72 चा ट्रॅक लागतो, ज्याला दुकानात फ्लोअर चॅनल म्हणतात.

आता अंतर. बहुतेक जण "दोन फुटांवर स्टड" म्हणतात आणि टेपवर 600 ची खूण करतात. चूक इथेच होते. आपल्याकडे मिळणारा आठ बाय चारचा बोर्ड 1220 मि.मी. रुंद असतो आणि त्याची कड स्टडच्या बरोबर मध्यावर यावी लागते, कारण शेजारचा बोर्ड त्याच स्टडच्या उरलेल्या अर्ध्या भागावर बसतो. स्टडचा दर्शनी भाग जेमतेम 34 ते 36 मि.मी., म्हणजे प्रत्येक बोर्डाच्या वाट्याला सतरा-अठरा. खुणा 600 वर केल्या तर तिसरा स्टड 1200 वर येतो आणि बोर्डाची कड 1220 वर. वीस मि.मी.ची चूक म्हणजे पहिल्याच सांध्याला कड स्टडच्या बाहेर. मग मिस्त्री बोर्ड कापत सुटतो. म्हणून आधी बोर्डाची रुंदी मोजायची आणि अंतर तिचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा धरायचं: 1220 च्या बोर्डाला 610 किंवा 406, आणि 1200 चा बोर्ड मिळाला तर 600 किंवा 400. टाइल्स लावायच्या असतील तर 406, साध्या रंगाच्या पार्टिशनला 610 पुरतं.

खुणा भिंतीच्या पृष्ठभागापासून करायच्या. पहिला स्टड भिंतीला चिकटून असतो, त्याच्या मध्यापासून 610 मोजले तर पुढचे सगळे स्टड सतरा मि.मी.नी सरकतात आणि वर सांगितलेली भानगड पुन्हा होते. भिंतीपासून दुसऱ्या स्टडच्या मध्यापर्यंत 610, मग 1220, 1830 असं सरळ लांबीवर जायचं.

स्टडची संख्या अशी:

```
ceil(4500 / 610) + 1 = 8 + 1 = 9
```

भागाकार 7.38 येतो, तो वरच्या पूर्णांकाला न्यायचा, कारण शेवटचं अपुरं अंतरही एक खण आहे. अधिक एक हा सुरुवातीचा, भिंतीला लागून असलेला. जागा 0, 610, 1220, 1830, 2440, 3050, 3660, 4270 आणि 4500. शेवटचा खण 230 चा, त्याला हरकत नाही.

मग दार. चौकटीसाठी मोकळी जागा 1000 रुंद आणि 2150 उंच हवी होती, डाव्या भिंतीपासून 1000 ते 2000 मध्ये. त्यामुळे 1220 आणि 1830 वरचे दोन उभे स्टड वगळले गेले. त्यांच्या जागी दाराच्या वर तेवढे आखूड तुकडे येतात. हे तुकडे नको म्हणून सोडून द्यायचे नाहीत, दारावरच्या बोर्डाचा सांधा त्यांच्यावरच बसतो. उलट दाराच्या दोन्ही बाजूंना मी दोन-दोन स्टड एकात एक घालून पेटीसारखे केले. स्टडची एक बाजू 34 आणि दुसरी 36 असते ती त्यासाठीच. एक उलटा फिरवला की दुसऱ्यात बसतो. काही मिस्त्री स्टडच्या पोटात लाकडी पट्टी भरतात. चौकटीचे स्क्रू लाकडात जास्त घट्ट बसतात, म्हणून जड दाराला तेच बरं.

हिशेब असा झाला: नऊमधून दोन वजा, चार अधिक, म्हणजे 11 पूर्ण उंचीचे. स्टड 2850 नाही तर 2840 ला कापायचा. वर दहा मि.मी. मोकळे राहतात आणि स्टड वरच्या ट्रॅकला स्क्रूने बांधायचा नाही. स्लॅब थोडा खाली येतो. स्टड अडकलेला असेल तर तो दाब थेट बोर्डावर येतो आणि सांधे फुटतात. दहा फुटी, म्हणजे 3050 च्या स्टडमधून 2840 कापल्यावर उरतात 210 मि.मी. दारावरचे तुकडे 690 चे लागतात, ते या उरलेल्यातून निघत नाहीत. म्हणून बारावा स्टड.

ट्रॅकमध्ये मीही आधी कमी धरलं होतं. वरचा ट्रॅक 4500. खालचा दारात तुटतो: डावीकडे 1000, उजवीकडे 2500, पण दोन्हींचं टोक 150 मि.मी. वर वळवून दाराच्या स्टडला बांधायचं, म्हणून 1150 आणि 2650. दाराच्या वरचा आडवा ट्रॅक 1000 चा, त्याचीही दोन्ही टोकं 150 वळवायची, म्हणजे 1300. एकूण 9600, आणि बारा फुटी, 3660 च्या लांबीत तीन नग. कागदावर तुकडे लावून पाहिले: एक अख्खा आणि 840 वरच्यासाठी, 840 आणि 2650 एका लांबीत, 1150 आणि 1300 तिसऱ्यात. बसतात, आणि तिसऱ्यात 1210 उरतात.

पण बोर्ड 2440 चा आणि उंची 2850. वरच्या पट्टीचा आडवा सांधा हवेत राहतो, आणि हवेत भरलेला सांधा टिकत नाही. म्हणून 2450 उंचीवर प्रत्येक खणात ट्रॅकचा आडवा तुकडा बसवावा लागतो. बोर्ड फरशीपासून दहा मि.मी. वर उचलतात, म्हणून 2450. दाराच्या बाजूंचे स्टड धरून त्या उंचीवर दहा खण पडतात. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं पन्नास-पन्नास कापून वळवायची, तर एकूण 5500 मि.मी. लागतात. आधीचे 1210 वापरूनही दोन लांब्या आणखी. तीनच्या पाच झाल्या. कोटेशनमध्ये हीच ओळ बहुतेकदा गायब असते. चांगली गोष्ट एवढी की दोन्ही बाजूंचा आडवा सांधा एकाच उंचीला येत असल्याने एकच तुकडा दोन्हीकडे उपयोगी पडतो.

दहा फुटी बोर्ड घेतला तर हे सगळं टळतं, बाजूला चार प्रमाणे आठ बोर्ड आणि आडवा सांधाच नाही. पण तो लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही. आठ फुटीचीच तारांबळ होते. मागवण्याआधी जिन्याचं वळण मोजावं.

बोर्ड मोजताना क्षेत्रफळाची पद्धत फसवते. दोन्ही बाजूंचं क्षेत्र 25.65 चौ.मी., त्यातून दार दोनदा वजा केलं की 21.35. एक बोर्ड 2.98 चौ.मी.चा. दहा टक्के वेस्टेज धरूनही भागाकार आठच्या आत येतो. प्रत्यक्षात नऊ लागले.

ते असे. पहिल्या बाजूला उभे बोर्ड 1220, 1220, 1220 आणि 840. दुसऱ्या बाजूला अर्ध्या बोर्डाने सुरुवात, म्हणजे 610, मग तीन पूर्ण आणि शेवटी 230. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच स्टडवर आले तर तिथे पार्टिशन कमजोर होतं, म्हणून ही अर्ध्याची सुरुवात. 610 आणि 230 एकाच बोर्डातून निघतात, तेव्हा दोन्हीकडे चार-चारच. वरची पट्टी 395 रुंद लागते आणि शेवटच्या बोर्डाचा उरलेला तुकडा निघतो 380 चा. पंधरा मि.मी.नी गेला. मात्र दारासाठी कापलेला भाग वाया जात नाही: पहिल्या बाजूला 780 रुंद आणि 2140 उंच तुकडा निघतो, त्यातून एक पट्टी, दुसऱ्या बाजूला 830 चा, त्यातून दोन. उरलेल्यासाठी नववा बोर्ड फाडला, त्यातून 2440 च्या दोन पट्ट्या.

पट्ट्या लावताना त्यांची टोकं स्टडवर यावीत, पण खालच्या उभ्या सांध्याच्या रेषेत नकोत. पहिल्या बाजूला खालचे सांधे 1220, 2440, 3660 वर, म्हणून पट्टी 1830 ची, मग 2440 ची, आणि शेवटचा 230 चा तुकडा पहिल्या पट्टीच्याच कापलेल्या टोकातून. दुसऱ्या बाजूला 2440 आणि 2060. चार कोपरे एका बिंदूवर भेटले की तिथे भेग पडतेच. दाराच्या वरच्या कोपऱ्याचंही तसंच: दाराच्या बाजूच्या स्टडवर सांधा आणू नये, बोर्ड अख्खा लावून त्यात दार कापावं. दार उघडझाप करताना सगळा धक्का त्या कोपऱ्यावर येतो. सांधा तिथे असेल तर कोपऱ्यातून सरळ वर जाणारी भेग दिसते आणि कितीही वेळा भरली तरी परत येते.

स्क्रू 25 मि.मी.चे, 300 अंतरावर, कापलेल्या कडेपासून किमान 13 मि.मी. आत. डोकं कागद न फाटता किंचित खाली बसलं पाहिजे. कागद फाटला तर तो स्क्रू धरतच नाही, शेजारी दुसरा मारायचा. पाचशे स्क्रू घेतले की पुरून उरतात. सांध्यांवर चिकटवायची टेप भिंतींचे कोपरे धरून चाळीस मीटरच्या आत लागते.

दुकानदाराला दिलेली यादी: 70 चे स्टड 3050 लांबीचे 12 नग, 72 चा ट्रॅक 3660 चा 5 नग, बोर्ड 12.5 मि.मी. जाडीचे 1220 बाय 2440 चे 9 आणि वाहतुकीत कोपरे तुटतात म्हणून एक जास्त. माल उतरताना सगळ्यात आधी एका बोर्डाची रुंदी टेपने मोजली. 1200 चा आला असता तर स्टडच्या सगळ्या खुणा बदलाव्या लागल्या असत्या, आणि ते ट्रॅक फरशीला ठोकण्याआधी कळलेलं बरं.