आमची वाटचाल : टक्केवारीवरून तासांपर्यंत

सुरुवातीची दोन वर्षे आमच्या उपाहारगृहाचे साप्ताहिक वेळापत्रक म्हणजे मागच्या आठवड्याच्या वेळापत्रकाची नक्कल असे, आणि मजुरीने विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ल्याचे महिनाअखेरीस हिशेब मांडताना कळे. तेव्हा भाडे आणि कच्च्या मालाचा खर्च वजा जाता परवडेल अशी मर्यादा आम्ही काढली : करवजा विक्रीच्या २८ टक्के.

या टक्केवारीतून तास काढताना मात्र आम्ही चुकलो. एका मंद आठवड्यात विक्री २० टक्क्यांनी घटणार असा अंदाज होता, म्हणून आम्ही तासही २० टक्क्यांनी कमी केले. अंदाज बरोबर ठरला, तरी मजुरीचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेले. कारण शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले. व्यवस्थापक आणि मुख्य आचारी यांचे ठरलेले पगार विक्री घटली म्हणून घटत नाहीत, त्यामुळे सगळा भार तासांवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. आठवड्याची अपेक्षित विक्री १,००,००० असेल, तर मजुरीसाठी २८,००० मिळतात. त्यातून ठरलेले पगार १०,००० वजा केले की १८,००० उरतात. एका तासाचा खर्च ६० धरला, तर ३०० तास देता येतात. या ६० मध्ये केवळ रोख मजुरी नव्हे, तर पगारी रजा, मालकाने भरायची वर्गणी आणि कर्मचाऱ्यांचे जेवणही धरलेले असते. विक्री ८०,००० वर आली, तर २२,४०० मधून तेच १०,००० जातात आणि जेमतेम २०६ तास उरतात. आम्ही २४० दिले होते.

पण २०६ तासांत आमचे दार उघडेच राहू शकत नाही. स्वयंपाकघरात दोघे, वाढायला एक आणि भांड्यांना एक, एवढी माणसे गिऱ्हाईक एक असो वा वीस, लागतातच, आणि तो किमान आकडा आमच्याकडे २३० तासांचा आहे. अशा आठवड्यात आम्ही जवळजवळ ३० टक्के मान्य करतो किंवा दुपारची सर्वांत रिकामी वेळ बंद ठेवतो. माणसे त्याखाली नेत नाही, कारण एकदा नेली तेव्हा शनिवारी ताटे टेबलावर पोहोचायला दुप्पट वेळ लागला आणि काही मंडळी ऑर्डर न देताच उठून गेली.

आता विक्रीचा अंदाज आम्ही मागील चार आठवड्यांतील त्याच वाराच्या सरासरीवरून काढतो, सणासुदीचे किंवा पावसाने बुडालेले दिवस वगळून. बुधवारी सकाळी तोवरची विक्री आणि तोवर खर्ची पडलेले तास शेजारी शेजारी मांडतो. विक्री मागे असेल, तर आठवडाअखेरच्या पाळ्या तशाच ठेवून गुरुवार-शुक्रवारच्या पाळ्यांची सुरुवात अर्ध्या-एका तासाने पुढे ढकलतो आणि ज्याची पाळी बदलते, त्याला आदल्या दिवशीच कळवतो.