विंडोजच्या कीबोर्डवर मॅकचा स्क्रीनशॉट: माझा अनुभव

मॅकबुकला मी विंडोजसाठी बनवलेला एक जुना वायरचा कीबोर्ड जोडला. टायपिंग लगेच सुरू झाले, पण निवडलेल्या भागाचा स्क्रीनशॉट घेणारे शिफ्ट, कमांड आणि ४ हा बटणांचा शॉर्टकट मात्र काही केल्या चालेना. अशा कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेले बटण कमांडचे काम करते आणि ऑल्ट हे ऑप्शनचे काम करते, एवढे मला माहीत होते. त्यामुळे योग्य बटणे दाबूनही काहीच होत नाही, याचा संताप अधिक होता.

मॅकबुकच्या स्वतःच्या कीबोर्डवर तीच बटणे व्यवस्थित चालत होती, म्हणजे मॅकमधील शॉर्टकट शाबूत होता. तरीही मी सेटिंगमधील स्क्रीनशॉटचे शॉर्टकट मूळ स्थितीत आणले आणि मॅक दोनदा बंद करून चालू केला. त्यात एक संध्याकाळ गेली, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. उत्तर सापडले ते एका कोऱ्या टिपणात. तिथे विंडोजचे बटण, शिफ्ट आणि ४ दाबल्यावर `$` उमटले. नुसते शिफ्ट आणि ४ दाबल्यावरही तेच उमटते. अर्थात विंडोजचे बटण मॅकपर्यंत पोहोचतच नव्हते. ऑल्ट, शिफ्ट आणि ४ दाबल्यावर मात्र `›` आले. इंग्रजी मांडणीत ऑप्शनसह हेच चिन्ह येते, म्हणजे ऑल्ट ठीक होते. खात्रीसाठी मेनूपट्टीतील इनपुटच्या चिन्हातून Keyboard Viewer उघडले, तर इतर बटणे दाबताच पडद्यावर उजळत होती, पण विंडोजच्या बटणाने काहीच उजळले नाही.

खेळताना चुकून दाबले जाऊ नये म्हणून काही कीबोर्डांवर विंडोजचे बटण बंद करण्याची सोय असते. माझ्या कीबोर्डवर ती एफएन आणि विंडोजचे बटण एकत्र दाबून चालू-बंद होते. हे कुलूप कीबोर्डच्या आतच असल्याने मॅकमधील कोणत्याही सेटिंगने ते उघडत नाही. ते काढताच पहिल्या प्रयत्नात स्क्रीनशॉट निघाला आणि मला मनापासून हायसे वाटले.

बोटांची सवय हा प्रश्न उरला, कारण मॅकवर कमांड स्पेसबारला लागून असते आणि इथे त्या जागी ऑल्ट येते. System Settings मध्ये Keyboard, मग Keyboard Shortcuts आणि त्यात Modifier Keys असे गेल्यावर ही दोन बटणे आपसात बदलता येतात. मात्र वरच्या यादीतून आधी बाहेरचा कीबोर्ड निवडावा, नाहीतर मॅकबुकच्याच बटणांची अदलाबदल होते. आणि ही अदलाबदल कुलूप काढल्यावरच करावी, अन्यथा कमांड चालू होऊन बंद बटण ऑप्शनच्या वाट्याला येते आणि मूळ दोष झाकला जातो.

आणखी एक आठवले: शॉर्टकटमध्ये कंट्रोलही दाबले गेले, तर चित्र डेस्कटॉपवर न येता क्लिपबोर्डवर जाते. तेव्हा काहीच झाले नाही असे वाटले, तर आधी पेस्ट करून पाहावे.