भिंतीवर चाळीस सेकंद

जळगावात केळी उत्पादकांचा मोठा मेळावा होता, दोन दिवसांचा, आणि माझ्याकडे काम होतं स्टेजच्या बाजूच्या एलईडी वॉलचं. म्हणजे लोकं हॅशटॅग लावून फोटो टाकतात ना, ते आधी माझ्या लॅपटॉपवर येतात, मी पाहतो, पास करतो, मग ते वॉलवर दिसतात. पास केल्याशिवाय एकही पोस्ट वर जात नाही.

आदल्या दिवशी सगळा सेटअप लावला. केळी हा शब्द लोकं इंग्रजी अक्षरांत तीन-चार प्रकारे लिहितात, keli, kele, kelee, म्हणून हॅशटॅगची सगळी रूपं टाकून ठेवली, देवनागरीतलं वेगळं. इन्स्टाग्रामवरून हॅशटॅगने फक्त पब्लिक पोस्ट मिळतात, स्टोरी येत नाही, प्रायव्हेट अकाउंटचं काही येत नाही, आणि जी पोस्ट येते तिच्यासोबत टाकणाऱ्याचं युजरनेमही येत नाही. आणि आपल्याकडची निम्मी माणसं तर व्हॉट्सॲपवरच असतात, तिथला स्टेटस कोणत्याच हॅशटॅगने सापडत नाही. म्हणून मी खुर्च्यांच्या मागे क्यूआर कोड चिकटवले, स्कॅन केला की साधा फॉर्म उघडतो, फोटो, मजकूर, नाव, गाव. सगळ्यात जास्त पोस्ट तिथूनच आल्या.

पहिल्या दिवशी सकाळी रावेर, यावल, चोपड्याकडची मंडळी आली आणि रांग लागली. घडाचे फोटो, बागेतले सेल्फी, भरीताच्या पंगतीचे फोटो तर विचारूच नका. एक पोस्ट वॉलवर दहा सेकंद राहते, म्हणजे मिनिटाला सहा, आणि आमच्याकडे दुपारपर्यंत जेमतेम दीडशे पास झालेल्या, त्यामुळे त्याच फिरून फिरून येत होत्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण पास करायला दोन मिनिटं उशीर झाला तर हॉलमध्ये कुणालाच कळत नाही, फक्त ज्याने टाकलाय तो वॉलखाली मोबाईल धरून उभा असतो. त्याच्याकडे बघून आपण घाई करतो. मीही केली.

साडेअकराच्या सुमारास फॉर्मवरून एक पोस्ट आली. दोन फोटो जोडलेले, डावीकडे पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं आजारी केळीचं झाड, उजवीकडे हिरवंगार. मजकूर असा सुरू होत होता, सीएमव्हीने माझी बाग जात होती, हिंमत सोडली नाही. वाचून खरंच बरं वाटलं, कारण या रोगाने आमच्या भागात माणसं किती रडली आहेत ते मी जवळून पाहिलंय. पास केली.

वॉलवर आली तेव्हा मी सहज मान वर केली आणि पोटात गोळाच आला. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक पोस्टच्या फक्त पहिल्या दोन ओळी दिसत होत्या, उरलेलं 'अधिक वाचा' मध्ये दुमडलेलं. वॉलवर मात्र एकच पोस्ट मोठी दिसते आणि पूर्ण मजकूर उघडतो. तिसऱ्या ओळीपासून पुढे एका औषधाचं नाव, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, आणि खाली ठळक, पंधरा दिवसांत रोग जातो, झाडं उपटू नका.

आता हेच कुणी चहाच्या टपरीवर बोललं असतं तर चार लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. पण मेळाव्याच्या वॉलवर, स्टेजच्या शेजारी, शास्त्रज्ञ बसलेत त्यांच्या बाजूला, अक्षरं फूटभर उंच. समोरच्या माणसाला ते मेळाव्यानेच सांगितल्यासारखं वाटतं. मला पहिल्या रांगेतले मोबाईल वर झालेले दिसत होते, लोकं फोटो काढत होते.

मी लगेच हाइड दाबलं. पण वॉलचा प्लेअर पुढच्या वीस पोस्ट आधीच उतरवून ठेवतो आणि नवीन यादी मिनिटाने एकदा मागतो, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवरून पोस्ट गेली आणि वॉलवर तशीच. दहा सेकंदांनी पुढे सरकायला हवी होती, पण मजकूर लांब असला की कार्ड तो वाचून होईपर्यंत थांबतं, ती सेटिंग मीच चालू ठेवली होती. शेवटी एलईडीच्या ऑपरेटर भाऊला ओरडून सांगितलं, लोगो टाक, लोगो! त्याने मिक्सरवरून इनपुट बदललं. चाळीस सेकंद गेले होते.

पोस्ट काढली म्हणून लोकांच्या मोबाईलमधले फोटो काही निघत नाहीत. म्हणून मी चिठ्ठी लिहून निवेदक ताईंकडे धावलो आणि स्टेजवर केळीच्या रोगांवर काम करणारे एक शास्त्रज्ञ होते त्यांच्यापर्यंत ती पोचवली. त्यांनी भाषण थांबवून समजावलं. सीएमव्ही हा विषाणू आहे, मावा तो पसरवतो, औषधाने मावा कमी होईल पण झाडात शिरलेला विषाणू मरत नाही, रोगट झाड उपटून नष्टच करावं लागतं, आणि बागेत किंवा आजूबाजूला काकडीवर्गीय पिकं घेऊ नयेत. मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. ढगाळ, थंड हवेत लक्षणं जोर करतात आणि ऊन वाढलं की दबतात, नवीन पानं चांगली दिसतात, पण झाडात रोग असतोच आणि मावा तिथून तो पुढे नेतो.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी एक काका आले, रावेरकडचे, धोतर-टोपी, हातात मोबाईल.

"माझा फोटो कायले काढला भाऊ? खोटा नाही तो."

मी त्यांना खुर्ची दिली. "काका, फोटो खोटा नाहीच. फवारणी कधी केली होती?"

"सप्टेंबरच्या शेवटी."

"आणि झाडं हिरवी कधी झाली?"

ते थोडा वेळ गप्प बसले. "ऑक्टोबरात. ऊन कडक पडलं होतं." मग हळू आवाजात, "म्हणजे ते साहेब बोलले तसंच झालं का? मी तर उपटली नाहीत. आणि गावच्या ग्रुपवर पण टाकलं सगळं."

मी त्यांना म्हटलं, तुमचाच फोटो पुन्हा लावू, मजकूर तुम्ही सांगाल तो. मी टाइप केलं ते असं, माझी झाडं पुन्हा हिरवी झाली आहेत, ती ठेवू की उपटू? खाली त्यांचं नाव, गाव, त्यांना विचारूनच. या वेळी पास करायच्या आधी मी शेजारच्या मॉनिटरवर वॉल जशी दिसते तशीच पूर्ण आकारात उघडली आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. नंतर दोन्ही दिवस प्रत्येक पोस्ट तशीच पाहिली, वेळ लागला तर लागला, आणि औषधाचं नाव किंवा मात्रा असलेली पोस्ट बाजूला ठेवून तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सोडली नाही.

प्रश्नोत्तरांच्या सुरुवातीला ती पोस्ट वॉलवर लावली आणि तिथेच थांबवली. शास्त्रज्ञांनी वाचली, माईक घेतला, म्हणाले, उपटा काका, आणि शेजाऱ्यालाही सांगा त्याची बाग तपासायला.

काका वॉलसमोर गेले, आपल्याच प्रश्नाचा फोटो काढला, आणि तिथेच उभं राहून बोलून मेसेज रेकॉर्ड केला. गावच्या त्याच ग्रुपवर पाठवला.