पाळी लवकर आली, म्हणून लवकर जाते का?

"मॅडम, माझी पाळी अकराव्या वर्षीच आली. मग ती लवकर जाणार का? त्याचा पुढे त्रास होईल का?"

तसं वर्षाला वर्ष लागून असलेलं नातं नाही. अंडी दरमहा एकेक खर्च होऊन संपतात अशी समजूत असते, म्हणून हा प्रश्न येतो. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याजवळ दहा ते वीस लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे. बाकीची आपोआप जिरून जातात, पाळी सुरू असो वा नसो. अकराव्या वर्षी किंवा त्याआधी पाळी आलेल्यांमध्ये चाळिशीच्या आत पाळी जाण्याचं प्रमाण थोडं अधिक दिसतं, पण बहुतेकींना ते लागू होत नाही. आईची पाळी कधी गेली, हे मी आधी विचारते. मग विचारते सिगारेटचं, कारण तिच्यामुळे पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची पाळी अकराव्या वर्षी आली आणि बेचाळिसाव्या वर्षी गेली. "सुटले एकदाची," म्हणाल्या. मी कागदावर हिशेब मांडला. पाळी जितकी वर्षं लवकर येते, तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका त्या प्रत्येक वर्षामागे साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. पाळी जितकी उशिरा जाते, तितका तो प्रत्येक वर्षामागे सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. तेराव्या वर्षी पाळी येऊन एक्कावन्नाव्या वर्षी गेलेल्या बाईशी तुलना केली, तर लवकर आल्यामुळे यांचा धोका १० टक्क्यांनी चढला, पण नऊ वर्षं आधी गेल्यामुळे त्याहून जास्त उतरला. गोळाबेरीज त्यांच्या बाजूची निघाली.

त्या खूश झाल्या. मला मात्र काळजी वेगळीच होती. पाळी असेपर्यंत अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हाडांची झीज रोखतं, रक्तवाहिन्यांनाही जपतं. पंचेचाळिशीच्या आत ते आटलं की हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अशा बाईला, स्तनाचा कर्करोग झालेला नसेल आणि दुसरी अडचण नसेल, तर साधारण एक्कावन्न वर्षांपर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला आम्ही देतो. त्या वयात शरीरात एरवी जेवढं हार्मोन असतंच, तेवढंच ती औषधं भरून काढतात. साठीत नव्याने हार्मोन सुरू करणं हा निराळा विषय आहे, तिथली भीती इथे आणू नका. (गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर त्याचं अस्तर वाढत जातं.)

पाळी चुकली म्हणजे गेली, असंही नाही. बारा महिने सलग आली नाही, तरच गेली म्हणायचं. चाळिशीच्या आसपास दोन-तीन महिने चुकली तर आधी गर्भ राहिलाय का आणि थायरॉइड कसा आहे, ते बघायचं. त्या बाई वर्षभर "वयाचंच असेल" म्हणत थांबल्या होत्या. तेव्हाच आल्या असत्या, तर हाडांची तपासणी वर्षभर आधी झाली असती.