आमची वाटचाल: एक व्हिडिओ, चार भाषा

लग्नाच्या इन्व्हाइट व्हिडिओपासून नाशिकला कॉलेज रोडच्या एका खोलीत सुरुवात केली, आज जास्त काम कंपन्यांच्या अ‍ॅनिमेटेड एक्सप्लेनरचं आहे. अंबडच्या एका ठिबकवाल्यांनी फिल्टर कसा साफ करायचा यावर दीड मिनिटाचा मराठी व्हिडिओ करून घेतला, आणि तो द्राक्षवाल्यांना आवडल्यावर म्हणाले आता हिंदी, विजापूरसाठी कन्नड आणि तमिळ पण द्या.

हे जमलं कारण आमचा नियम आहे की इलस्ट्रेटरच्या चित्रात एकही अक्षर ठेवायचं नाही, तिथली अक्षरं आफ्टर इफेक्ट्समध्ये आली की टाइप करून बदलता येत नाहीत. मागे ठेवलेल्या गोणीवरचं "खत" सुद्धा वेगळी टेक्स्ट लेयर, लोक नेमकं तेच विसरतात.

मेन त्रास मजकुरामागच्या पट्टीचा. "फिल्टर रोज धुवा" छान बसलेलं आणि तमिळ वाक्य पट्टीबाहेर. म्हणून मधोमध अलाइन केलेल्या मजकुरामागच्या रेक्टँगलच्या Size ला हे लावतो:

```
r = thisComp.layer("txt_01").sourceRectAtTime();
[r.width + 80, 110]
```

रुंदी मजकुराबरोबर वाढते, पण उंची मुद्दाम फिक्स, नाहीतर एखाद्या ओळीत खाली उकार किंवा वर वेलांटी आली की पट्टी जाडबारीक होते आणि सीनमागून सीन ती उड्या मारताना दिसते (क्लायंटला कारण कळत नाही पण खटकतं बरोबर). कन्नडमध्ये जोडाक्षराचा भाग खाली लोंबतो, तिथे 110 सुद्धा वाढवावे लागतात.

टाइपरायटर इफेक्ट असेल तर Range Selector मध्ये Based On ला Words ठेवा, Characters ठेवलं की जोडाक्षरं मधेच तुटून येतात. फॉन्ट आम्ही नोटो सान्सचेच घेतो, तिन्ही लिपी एका घरातल्या वाटतात.

मग आवाज. मराठीत चार सेकंदात संपणारं वाक्य तमिळला सहा घेतं, आणि अख्खा सीन ताणला तर एंट्री पण रटाळ होते. त्यासाठी प्रत्येक सीन वेगळा कॉम्प करून Responsive Design - Time ने सुरुवात आणि शेवट लॉक करतो, ताणलं तरी फक्त मधला स्थिर भाग लांबतो.

आता भाषांतर एक्सेलमध्ये मागवतो, युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आलं तर पेस्ट केल्यावर नुसता कचरा दिसतो, ते लगेच परत. तमिळ आमच्यात कोणालाच वाचता येत नाही, तरी दोन गोष्टी डोळ्यांनी कळतात, रिकामा चौकोन दिसला तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही आणि ठिपक्यांचं गोल दिसलं तर मात्रा सुटी पडलीय. शब्द मात्र बरोबर आहेत का ते क्लायंटचा तिकडचा डीलरच बघतो, त्याचा ओके आल्याशिवाय फायनल रेंडर लावत नाही.